बिडी-खर्रा सोडायच्या गोळ्या घेण्याआधी दारूचं आणि मिरगीचं सांगा

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे आहेत, बिडी आणि खर्रा दोन्ही चालू. डॉक्टर म्हणाले, व्हॅरेनिक्लिन नाहीतर बुप्रोपिऑन सुरू करू. या गोळ्या काम कशा करतात, त्रास काय होतो आणि कोणी घेऊ नयेत? बाबांना शुगरची गोळी चालू आहे, आणि संध्याकाळी थोडी घेतातही.

उत्तर:

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. कोणती गोळी द्यायची हे त्यावरच ठरेल, म्हणून तिथूनच सुरू करतो.

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी १९ वर्षांपासून दवाखाना चालवतो. काही वर्षांपूर्वी कापूस वेचणी आटोपल्यावर ४६ वर्षांचा एक शेतकरी आला. दिवसाला दहा-बारा खर्रे. पन्नीत घासलेला खर्रा खिशात नसेल तर हा माणूस वावरात पाय ठेवत नसे. मी बुप्रोपिऑन लिहून दिलं: पहिले तीन दिवस १५० मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या दिवसापासून सकाळी एक आणि दुपारनंतर एक. मिरगीचं विचारलं होतं, नाही म्हणाला. दारूचं मी विचारलंच नाही. त्यानं आठव्या दिवशी खर्रा सोडला आणि लेकीनं शपथ घातली म्हणून रोजची मोहाची दारूही त्याच दिवशी बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात शेण काढता काढता त्याला झटका आला. ऑटोत घालून आणलं तेव्हा जीभ चावलेली होती, शर्टाची एक बाही रक्तानं भिजली होती. शुद्धीवर आल्यावर मी म्हटलं, दारूचं सांगितलं का नाही? तो म्हणाला, "तुमी खर्ऱ्याचं इचारलं साहेब, दारूचं कुठी इचारलं?"

त्याचं बरोबर होतं, चूक माझी होती. रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत नुसत्या त्यानंच झटका येऊ शकतो. बुप्रोपिऑन मेंदूची झटका सोसण्याची पातळी आणखी खाली आणतं. एरवी दिवसाला ३०० मिलिग्रॅमवर हा धोका हजारात एकाच्या आसपास असतो, पण दारू तुटली की तो हिशोब लागू राहत नाही. म्हणून रोज पिणाऱ्यानं ही गोळी चालू असताना दारू अचानक बंद करायची नाही, आणि ज्याला दारूही सोडायची आहे त्याला ही गोळीच द्यायची नाही. झोपेच्या किंवा मिरगीच्या गोळ्या एकदम सोडणाऱ्यांनाही हेच लागू.

आता गोळ्या काय करतात ते पाहू. तंबाखूतलं निकोटीन मेंदूत काही ठरावीक जागांवर जाऊन बसतं, ते बसलं की डोपामिन सुटतं आणि माणसाला बरं वाटतं. व्हॅरेनिक्लिन नेमकं त्याच जागेवर बसतं. एसटीत अर्ध्या तिकिटाचा प्रवासी सीट मात्र पूर्ण अडवतो, तसं हे औषध आहे. डोपामिन थोडंसं सुटत राहतं, म्हणून तलफ जीव घेत नाही. आणि वरून कोणी बिडी ओढलीच तर निकोटीनला बसायला जागा मिळत नाही, त्यामुळे मजा येत नाही. बरेच पेशंट दुसऱ्या आठवड्यात सांगतात की बिडी "फिकी" लागते. गोळी लागू पडतेय याची ती खूण.

बुप्रोपिऑनची रीत वेगळी. ते मुळात नैराश्याचं औषध. सुटलेलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पेशी लगेच परत ओढून घेतात, ते ओढणं हे औषध कमी करतं. बांधाचं तोंड बुजवलं की वावरात पाणी जास्त वेळ थांबतं, तसं. निकोटीनच्या जागाही ते थोड्या बंद करतं. नैराश्य नसलेल्यालाही ते तंबाखू सोडायला मदत करतं, त्यामुळे "बाबांना वेड्याची गोळी दिली" असं घरात कोणी म्हणालं तर त्यांना हे समजावून सांगा.

२०१६ साली सुमारे ८००० सिगरेट ओढणाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण बंद ठेवू शकलेले लोक व्हॅरेनिक्लिनवर शंभरात साधारण २२ होते, बुप्रोपिऑनवर १६ आणि खोट्या गोळीवर ९. व्हॅरेनिक्लिननं माणूस भडकतो, आत्महत्येचे विचार येतात अशी भीती आधी फार होती. त्या अभ्यासात दोन्ही गोळ्यांनी असे त्रास लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत, आणि अमेरिकेनं पाकिटावरचा ठळक इशारा त्याच वर्षी काढला. तरी घरच्यांनी लक्ष ठेवावं. स्वभाव एकदम बदलला, कोणी जिवाचं बरंवाईट बोलू लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं.

आपल्या भागासाठी यात एक गोष्ट फार मोलाची आहे. हे आकडे ओढायच्या तंबाखूचे आहेत. खर्रा, मळलेला तंबाखू, म्हणजे तोंडातल्या तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लिनचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे, बुप्रोपिऑनचा दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये दिलेल्या सल्ल्यातही तोंडातल्या तंबाखूसाठी व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटीनची च्युइंगगम, पट्टी वगैरे सांगितलं आहे. म्हणजे त्या शेतकऱ्याला मी मुळात औषधच चुकीचं निवडलं होतं.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला. तोवर दारू वेगळे उपचार घेऊन सुटली होती. झटका येऊन गेलेल्याला व्हॅरेनिक्लिनही जपूनच द्यावं लागतं, कारण क्वचित त्यानंही झटका येतो. त्याचा तो झटका दारू तुटल्याचा होता, त्यानंतर एकही आला नव्हता, म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांशी बोलून सुरुवात केली. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्ध्याच्या दोन, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमच्या दोन, एकूण १२ आठवडे. पहिला आठवडा खर्रा चालू ठेवायचा आणि आठव्या दिवशी बंद करायचा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण औषध अंगात भरायला तेवढा वेळ लागतो.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "मळमळ लय होते, गोळी बंद करतो." विचारल्यावर कळलं की पहाटे पाचला कोऱ्या चहाबरोबर उपाशीपोटी गोळी घेऊन तो ओलितावर जात होता. मळमळ हा या गोळीचा सगळ्यात नेहमीचा त्रास, शंभरातल्या तिसेक लोकांना होतो. भाकर खाऊन, वर पूर्ण ग्लासभर पाणी पिऊन घ्यायला सांगितलं तेव्हा तीन दिवसांत मळमळ बसली. नाहीच बसली तर डोस कमी करता येतो, गोळी सोडायची गरज नसते. मग चित्रविचित्र स्वप्नं पडू लागली. त्यासाठी रात्रीची गोळी झोपताना न घेता दिवे लागायच्या वेळी, लवकरच्या जेवणासोबत घ्यायला लावली. गॅस, बद्धकोष्ठ, डोकेदुखी हेही होतं. चिडचिड मात्र आठव्या दिवसानंतर सुरू झाली, आणि ती गोळीची नव्हती. खर्रा चालू असतानाच्या आठवड्यात जो त्रास होतो तो बहुधा गोळीचा असतो. खर्रा सुटल्यावर नव्यानं सुरू होऊन दोन-चार आठवड्यांत ओसरतो तो तंबाखू तुटल्याचा. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर सगळा दोष गोळीवर जातो आणि ऐन गरजेच्या वेळी ती सुटते.

बुप्रोपिऑनचे नेहमीचे त्रास म्हणजे तोंड कोरडं पडणं आणि झोप उडणं. दोन गोळ्यांत किमान आठ तास हवेत, आणि दुसरी रात्री उशिरा नको. बीपी वाढू शकतं, ते मोजत राहावं. ही गोळी हळूहळू विरघळणारी असते. पैसे वाचवायला तिचे दोन तुकडे केले किंवा चावून खाल्ली तर सगळं औषध एकदम सुटतं आणि झटक्याचा धोका वाढतो. मेडिकलमधून अशी अर्धी करून घेतलेली गोळी मी पाहिली आहे.

बुप्रोपिऑन कोणाला अजिबात नाही: ज्याला कधीही मिरगी-झटके आलेत, मुद्दाम उपाशी राहण्याचा किंवा खाऊन ओकण्याचा मानसिक आजार आहे, किंवा टीबीच्या औषधांत लिनेझोलिड चालू आहे. डोक्याला मार लागलेला, कंबरदुखीला ट्रॅमाडॉल खाणारा, उन्मादाचा आजार असलेला, यांच्यात फार विचार करून. गरोदर बाई आणि १८ वर्षांखालचं पोर यांना मी दोन्हींपैकी काही देत नाही.

आता तुमचे बाबा. शुगरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्यांनी, जेवण चुकलं की साखर घसरते. घसरलेल्या साखरेत बुप्रोपिऑननं झटका येण्याची शक्यता वाढते. त्यात संध्याकाळची दारू, आणि खर्रा. त्यामुळे माझं मत व्हॅरेनिक्लिनकडे आहे, मात्र आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. हे औषध जवळजवळ सगळं लघवीतून बाहेर जातं आणि जुन्या शुगरनं किडनी थकलेली असू शकते. रिपोर्टमधला नुसता आकडा बघून "थोडंसंच वाढलंय" म्हणू नका. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनानं गुणा, आणि क्रिएटिनिनला ७२ नं गुणून जे येईल त्यानं भागा. ५८ वर्षं, ४५ किलो, क्रिएटिनिन १.९ असेल तर उत्तर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाज, २७ येतं. ३० च्या खाली असलं की अर्ध्या मिलिग्रॅमची दिवसाला एकच गोळी, फार तर पुढे दोन. एक मिलिग्रॅमवर जायचंच नाही.

व्हॅरेनिक्लिनवर दारू नेहमीपेक्षा जास्त चढते, काहींना नंतर काही आठवत नाही. गोळी सुरू झाली की बाबांनी पहिले काही दिवस गाडी चालवू नये आणि दारू कमी ठेवावी. पण रोजची असेल तर तीही आपल्या मनानं एका दिवसात तोडू नका. "थोडी" म्हणजे किती क्वार्टर, रोज की बाजाराच्या दिवशी, न मिळाल्यावर सकाळी हात थरथरतात का, हे डॉक्टरांना सांगा. बाबा समोर असताना सांगणं जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.