पार्किंग कमी, गाड्या जास्त: मालक, भाडेकरू आणि पाहुणे यांच्यात जागा कशा वाटायच्या?

"आमची सोसायटी जुनी आहे. दरवर्षी एजीएममध्ये पार्किंगवरून भांडणं होतात. सगळ्यांना लागू होईल असा स्पष्ट लेखी नियम कसा करावा?"

जागा माणसाला नाही, फ्लॅटला द्या. नियमाचं पहिलं वाक्य हेच ठेवा, बाकीचं त्यातूनच निघतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण कर्वेनगरला आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. ॲग्रीमेंटमध्ये 'पार्किंगसह' असं लिहिलेलं होतं. सामान लावून झालं त्याच संध्याकाळी वॉचमनने आम्हाला गाडी बाहेर काढायला लावली. मालक दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांच्या तिथे दुसऱ्या गाडीला जागा नव्हती, म्हणून ती गाडी ते आमच्या फ्लॅटच्या जागेवर आणून लावायचे. चेअरमनकाकांकडे गेले तर म्हणाले, "भाडेकरूला आपण पार्किंग देत नाही. आज आहेत, उद्या नाहीत." नियम कुठे लिहिलाय म्हणून विचारलं, तर कुठेच नव्हता. चार वर्षं गाडी रस्त्यावर राहिली, दोनदा टो झाली. मुलगी सहा महिन्यांची असताना भर पावसात तिला कडेवर घेऊन कोपऱ्यापासून चालत यायचे आणि खाली मालकांची गाडी कोरडी उभी असायची. ते अजून विसरलेले नाही.

नंतर सिंहगड रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि तीन वर्षांनी सचिव झाले. इथे ४२ फ्लॅट आणि चारचाकीच्या २९ जागा. मंजूर नकाशा काढून, टेप लावून मोजल्या आणि नंबर रंगवून घेतले. अडीच मीटर बाय पाच मीटर बसत नसेल तर ती चारचाकीची जागा धरूच नका, नाहीतर चिठ्ठीत ती ज्याला येईल तो वर्षभर शेजाऱ्याच्या दारावर दार आपटत राहणार. दोन जागा पाहुण्यांसाठी ठेवल्या, राहिल्या २७.

सरकारने सोसायट्यांसाठी दिलेल्या आदर्श उपविधींमध्ये पाया तयारच आहे. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच जागा. सगळ्यांना एकेक मिळाल्याशिवाय कुणाला दुसरी नाही, आणि दुसरी मिळाली तरी ती वर्षापुरती. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या. भाडेकरूचं मात्र त्यात स्पष्ट होत नाही, आणि भांडण तिथेच असतं. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव केला: फ्लॅट भाड्याने असेल तर त्या फ्लॅटचा एकच अर्ज. तो स्वतःच्या गाडीसाठी की भाडेकरूच्या, हे मालकाने लेखी कळवायचं आणि लिव्ह लायसन्सच्या ॲग्रीमेंटमध्ये 'पार्किंग आहे' किंवा 'पार्किंग नाही' असं लिहून त्याची प्रत सोसायटीला द्यायची. मालकाने स्वतःसाठी ठेवली तर ठेवू दे, तो सभासद आहे, त्याचा हक्क काढता येत नाही. पण घर बघायला आलेल्या माणसाला ते आधी कळलं पाहिजे. कर्वेनगरला एवढं जरी कुणी लिहून घेतलं असतं, तरी आम्ही ते घर घेतलं नसतं.

पहिल्या वर्षी ३३ अर्ज आले, त्यातले ९ भाडेकरूंच्या गाड्यांचे. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलाने सगळ्यांसमोर काढल्या. सहा फ्लॅट राहिले. त्यात एक मी. त्या सहा जणांना पुढच्या वर्षी चिठ्ठीशिवाय जागा, असं आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्या वर्षी ३४ अर्ज आले. सहा जागा आधी गेल्या, उरलेल्या २१ साठी २८ चिठ्ठ्या टाकल्या, सात जण राहिले. म्हणजे सलग दोन वर्षं कुणीच बाहेर राहत नाही, आणि लोक चिठ्ठी मान्य करतात ती एवढ्याच भरवशावर. नुसती चिठ्ठी ठेवली तर एकच माणूस तीनदा हरू शकतो आणि मग सगळा नियमच मोडीत निघतो.

अर्जासोबत आरसी बुक मागाच. गाडी घरच्या माणसाच्या नावावर हवी. कंपनीची असेल तर कंपनीचं पत्र. आमच्याकडे एकांनी भावाच्या गाडीवर अर्ज केला होता, भाऊ साताऱ्याला.

पाहुण्यांच्या जागा खरं तर पाहुणे अडवत नाहीत, घरातली दुसरी गाडी अडवते. आमच्या दोनपैकी एक जागा कायम भरलेली असायची. जुलैमध्ये एका सकाळी मी खाली गेले, रात्रभर पाऊस झाला होता, त्या गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत आणि वायपरमध्ये गुलमोहोराच्या पानांचा गठ्ठा. रजिस्टर उघडलं तर त्या महिन्यात ती गाडी १९ रात्री 'पाहुणे' म्हणून लिहिलेली, फ्लॅट नंबर दर वेळी तोच. तेव्हापासून नियम असा: रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, फ्लॅट आणि वेळ लिहायची, दिवसा चार तास, रात्री ठेवायची तर सचिवांना आधी सांगायचं, आणि महिन्यात चार रात्रींपेक्षा जास्त झाल्या की ती गाडी पाहुण्यांची नाही, त्या फ्लॅटची दुसरी गाडी. महिनाअखेरीला रजिस्टर मी स्वतः बघायचे. वॉचमनवर सोडू नका, त्याला रोज त्याच लोकांना तोंड द्यायचं असतं.

बिल्डरचं 'पार्किंग अलॉटमेंट लेटर' दाखवणारे निघतील. आमच्याकडे तिघे होते. स्टिल्ट आणि उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो सभेत वाचून दाखवला. दोघे समजले, तिसऱ्यांनी वर्षभर पार्किंग चार्जेस भरले नाहीत, मग भरले.

पण हे सरसकट लावू नका. रेरानंतरच्या बिल्डिंगमध्ये आच्छादित पार्किंग रजिस्टर ॲग्रीमेंटमध्ये नंबरासकट विकलेलं असू शकतं, ते चिठ्ठीत आणता येत नाही. उघडं मात्र तिथेही विकता येत नाही. आणि पुण्यात पुष्कळ बिल्डिंग 'सोसायटी' म्हणवतात पण नोंदणी असते अपार्टमेंट कायद्याखाली. तिथे हे उपविधी नाहीत, डीड ऑफ डिक्लेरेशन बघावं लागतं. नोंदणीचा कागद आधी काढा.

आणि सभेत कुणी "भाडेकरू काय, आज आहे उद्या नाही" म्हणालं, तर त्यांच्यासमोर त्या फ्लॅटचं मेंटेनन्स बिल ठेवा. मी ठेवलं होतं. पार्किंग चार्जेस तेच, सर्व्हिस चार्जेस तेच, शिवाय सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वेगळे. भाड्याने दिलेला फ्लॅट सोसायटीला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पैसे देतो. कर्वेनगरच्या त्या काकांना मी हे तेव्हा सांगू शकले नाही, कारण भाडेकरूला बिल कुणी दाखवतच नाही.