पाचशे केबीच्या मर्यादेत रिझ्युमे आणि कव्हर लेटर

प्रश्न : सर, मी यंदा बी.कॉम. झाले. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी एका पोर्टलवर रिझ्युमे आणि कव्हर लेटर एकाच पीडीएफमध्ये मागितलंय, मर्यादा ५०० केबी. मी दोन्ही वर्डमध्ये टाइप केलं, प्रिंट काढून सही केली आणि मोबाइलवर स्कॅन केलं. दोन मार्कशीटही जोडल्या. फाइल ६.८ एमबी झाली. एका वेबसाइटवर कॉम्प्रेस केल्यावर ४६० केबी झाली, पण अक्षरं पुसट दिसतात. फोटो काढून टाकू का? आणि आधी पत्र ठेवायचं की रिझ्युमे? – एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : फोटोकडे नंतर येऊ. आधी ती ४६० केबीची फाइल उघड आणि त्यातल्या तुझ्या नावावर बोट किंवा माउस दाबून ते निवडायचा प्रयत्न कर. बहुतेक निवडलं जाणार नाही, कारण त्या फाइलमध्ये अक्षरं नाहीतच, अक्षरांचे फोटो आहेत. ए-फोर पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की साधारण २४८० बाय ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. पान कोरं असो की भरलेलं, ठिपके तेवढेच. तुझी चार पानं ६.८ एमबीची झाली, म्हणजे पानामागे १.७ एमबी. त्यात नवल काही नाही. ती ४६० केबीत बसवायला वेबसाइटने ठिपके कमी केले आणि अक्षरांच्या कडा विरघळल्या.

पुसट दिसणं हा त्यातला छोटा तोटा. अनेक पोर्टल अपलोड झालेल्या फाइलमधला मजकूर वाचून नाव, पदवी, टॅली, जीएसटी असे शब्द उचलतात. फोटोतून ते उचलले जातीलच असं नाही. तेव्हा पुन्हा कॉम्प्रेस करत बसू नकोस. वर्डची मूळ फाइल तुझ्याकडे आहे, तिच्यातूनच थेट पीडीएफ काढ. नुसत्या मजकुराची दोन पानं सहसा शंभर-दोनशे केबीच्या आसपास राहतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो.

सहीसाठी प्रिंट काढायची गरज नव्हती. खासगी कंपनीच्या अर्जात पत्राखाली टाइप केलेलं नाव चालतं. जाहिरातीत सही मागितलीच असेल तर कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही कर, तेवढ्याच भागाचा फोटो कापून घे आणि तो पत्रात ठेव. मार्कशीट मागितलेल्या नाहीत, म्हणून जोडू नकोस. गुण रिझ्युमेच्या तक्त्यात येतातच.

आता क्रम. पत्र आणि रिझ्युमे एकाच फाइलमध्ये असं स्पष्ट म्हटलं असेल तर पत्र पहिलं, हीच रीत आहे. पण फाइल टाकताच पोर्टल स्वतःहून फॉर्ममधले रकाने भरू लागलं, तर मी रिझ्युमे आधी ठेवायला सांगेन. नाहीतर पत्रातल्या कंपनीचा पत्ता तुझा पत्ता म्हणून बसण्याची शक्यता असते. दोन्ही पानांच्या माथ्यावर नाव, फोन आणि ईमेल एकाच मांडणीत लिही. ही ओळ पानाच्या हेडरमध्ये न टाकता मजकुरातच टाक. काही पोर्टल हेडर वाचत नाहीत आणि मग नेमका फोन नंबरच गायब होतो.

वर्डमध्ये पत्राची फाइल उघड, शेवटच्या ओळीनंतर Ctrl+Enter दाबून नवं पान सुरू कर आणि तिथे रिझ्युमे चिकटव. एंटर मारत मारत खाली सरकू नकोस, पत्रात एक ओळ वाढली की सगळा रिझ्युमे खाली घसरतो. दोन्हीकडे फॉन्ट एकच ठेव, मजकूर ११ पॉइंट, समास चारी बाजूंनी २ सेंटीमीटर. पानाचा आकार A4 आहे ना, तेही बघून घे. काही तयार नमुने अमेरिकेच्या Letter आकारात असतात, ते आपल्याकडे छापताना गडबड होते.

फ्रेशरच्या रिझ्युमेत शेवटी गुणांचा तक्ता असला तर हमखास एक घोळ होतो : तिसरं, कोरं पान येतं. वर्ड तक्त्यानंतर एक रिकामा परिच्छेद ठेवतोच आणि तो काही पुसला जात नाही. पान काठोकाठ भरलेलं असेल तर तोच पुढच्या पानावर जातो. कर्सर तिथे नेऊन त्याचा फॉन्ट साइज १ कर, परिच्छेदाच्या आधीचं आणि नंतरचं अंतर शून्य कर. कोरं पान जातं.

आता फोटो. जाहिरातीत मागितला नसेल तर काढून टाक, अकाउंट्सच्या कामाला तो लागत नाही. मागितला असेल तर मोबाइलचा मूळ फोटो तसाच टाकून कोपरा ओढत लहान करू नकोस. तो दिसायला लहान होतो, पण ३००० बाय ४००० ठिपक्यांचा अख्खा फोटो फाइलमध्ये राहू शकतो. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरच्या चौकटीला २७६ बाय ३५४ ठिपके पुरतात, म्हणजे मूळच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. फोटो आधी तेवढा करून मग टाक. टाकून झाला असेल तर त्यावर क्लिक करून Picture Format मधलं Compress Pictures निवड, Delete cropped areas of pictures वर खूण कर आणि 150 ppi घे.

मग File, Save As, PDF. तिथे Minimum size असा पर्याय दिसतो, तो निवड. हे काम ज्या कॉम्प्युटरवर टाइप केलंस त्यावरच कर. पेन ड्राइव्हवर वर्डची फाइल कॅफेत नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर दोन पानांची अडीच पानं होतात. गुगल डॉक्स वापरत असशील तर File, Download, PDF Document.

पीडीएफ तयार झाली की ती उघडून Ctrl+A, Ctrl+C कर आणि नोटपॅडमध्ये चिकटव. तिथे जे दिसेल, साधारण तेच पोर्टलला दिसेल. डावीकडे कौशल्यं आणि उजवीकडे शिक्षण असा दोन रकान्यांचा रंगीत नमुना असला, तर दोन्हीकडच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या सापडू शकतात. म्हणून मी एकाच रकान्याचा साधा नमुना सुचवतो. कुठे मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर नोटपॅडमध्ये त्याचा अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसेल, तो युनिकोडमध्ये नव्याने टाइप कर.

मैत्रिणीचा रिझ्युमे घेऊन त्यात बदल केला असशील तर वर्डमध्ये File, Info इथे Author आणि Title बघ. तिथे अजून तिचंच नाव असेल तर ते पीडीएफमध्येही जातं आणि Title काही वेळा ब्राउझरच्या टॅबवर मोठ्या दिमाखात झळकतं. बदलून पुन्हा पीडीएफ काढ.

फाइलचं नाव इंग्रजीत, मोकळी जागा न सोडता : Naav_Aadnav_Accounts.pdf, अर्थात तुझं खरं नाव घालून. राइट क्लिक करून Properties मधला Size बघ, त्याखालचा Size on disk नव्हे. अपलोड केल्यावर पोर्टलवरून तीच फाइल परत उतरवून मोबाइलवर उघड. दोन्ही पानं आली आणि फोन नंबर बरोबर दिसला की मगच Submit दाब.