बेसमेंट पार्किंग: सीओ सेन्सर, जेट फॅन आणि धूर

सीओ जड असतो, म्हणून सेन्सर जमिनीलगत लावायचा ना?

नाही. सीओ, म्हणजे गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, हवेपेक्षा किंचित हलकाच असतो आणि हवेत सहज मिसळतो. सेन्सर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर लावा. ताजी हवा येते त्या तोंडाशी नको.

व्हेंडर म्हणतो, जेट फॅन लावले की एक्झॉस्ट फॅन लहान चालेल. खरं का?

जेट फॅन हवा पुढे ढकलतो, बाहेर काढत नाही. त्याने डक्ट वाचते, एक्झॉस्ट नाही. 2000 चौरस मीटर आणि 3 मीटर उंचीचं बेसमेंट म्हणजे 6000 घनमीटर हवा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे रोजच्या वापराला तासाला 6 वेळा हवाबदल, म्हणजे 36,000 घनमीटर. आगीच्या वेळी 12 वेळा, म्हणजे 72,000. कोटेशनमध्ये हा आगीच्या वेळचा आकडा नसेल तर सही करू नका, आधी सल्लागाराला दाखवा.

दोन वर्षांत सीओचा अलार्म एकदाही वाजला नाही. हवा चांगली आहे ना?

किंवा सेन्सर मेला आहे. आतला रासायनिक सेल काही वर्षांत संपतो, आणि संपलेला सेलही पडद्यावर निवांत शून्य दाखवतो. माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस, समजा 100 पीपीएम, सेन्सरवर सोडून आकडा तिथवर चढतो का ते पाहा. गाडीचा धूर सोडून 'चाचणी' करणाऱ्याला परत पाठवा. नुसतं शून्य जुळवलं म्हणजे कॅलिब्रेशन होत नाही, बिल मात्र होतं.

आग लागली की सगळे जेट फॅन लगेच सुरू व्हायला हवेत ना?

हा गैरसमज सगळ्यांत घातक. सुरुवातीला गरम धूर छताखाली थर धरतो आणि खाली बाहेर पडण्यापुरती हवा राहते. जेट फॅन छतालाच टांगलेले असतात. ते तेव्हाच सुरू झाले तर तो थर मोडतो आणि धूर जिन्याच्या दारापर्यंत पसरतो. म्हणून फायर पॅनेलचा सिग्नल येताच सीओच्या आकड्यावर फॅन चालवणाऱ्या कंट्रोलचा अधिकार संपला पाहिजे: एक्झॉस्ट पूर्ण वेगाने, जेट फॅन बंद. लोक बाहेर पडल्यावरच ठरलेले जेट फॅन ठरलेल्या दिशेने सुरू करायचे, म्हणजे अग्निशमन दलाच्या वाटेवर धूर येत नाही. मधला वेळ किती, हे डिझाइनरने अग्निशमन विभागाशी बोलून ठरवायचं, इलेक्ट्रिशियनने नव्हे.

एक्झॉस्ट ओढतो त्याहून जास्त हवा जेट फॅननी ढकलली तर उरलेला धूर वळसा घेऊन मागे येतो. त्यामुळे जास्त फॅन म्हणजे जास्त सुरक्षा नव्हे. चाचणी धूरयंत्राने करा, पण तो धूर थंड असतो. दिशा कळते, गरम थराचं वागणं नाही.

आणि आजच खाली जाऊन फॅनच्या पॅनेलवरचा स्विच बघा. आवाजाची तक्रार आली म्हणून तो बऱ्याचदा 'ऑफ'वर फिरवून ठेवलेला असतो.

रॅम्प उघडा आहे, मग ताज्या हवेचा पंखा बंद ठेवला तर?

रॅम्पवरून पुरेशी हवा येते का, हे मोजून घेतल्याशिवाय नको.