आयती ओळख आणि साखरपुड्यानंतरची घुसमट

प्रश्न : माझं वय २६. साखरपुडा झालाय, मुलगा चांगला आहे, पण त्याने मनातलं काही विचारलं की माझी घुसमट होते, फोन ठेवावासा वाटतो. दहावीपासून सीए व्हायचं ठरलं होतं, झालेही. मी आयुष्यात कधीच गोंधळले नाही, मग आत्ताच असं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य म्हणजे ‘मी कधीच गोंधळले नाही’. बडोद्यात समुपदेशनाचे काम करताना हेच वाक्य मी अनेक हुशार, गुणी मुलामुलींच्या तोंडून ऐकले आहे आणि पुष्कळदा घुसमटीचे मूळ तिथेच सापडले आहे.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतला पाचवा किशोरवयाचा, ‘मी कोण’ या झगड्याचा आणि सहावा तरुणपणाचा, जवळीक की एकाकीपण या झगड्याचा. सहावा पाचव्यावर उभा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. जवळीक म्हणजे आपले स्वत्व दुसऱ्याच्या स्वत्वात मिसळू देणे आणि तरीही ते हरवेल याची भीती न वाटणे. ज्याने आपले स्वत्व कधी चाचपूनच पाहिलेले नाही, त्याला ‘तुला काय वाटतं?’ हा साधा प्रश्नही उलटतपासणीसारखा वाटू शकतो.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ही ‘मी कोण’ची ओळख मुलाखतींमधून तपासली. त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या : या व्यक्तीने पर्यायांचा शोध घेतला आहे का, आणि ती कशाशी बांधली गेली आहे का. शोध न घेताच पक्की झालेली बांधिलकी हा त्यांनी सांगितलेल्या चार स्थितींपैकी एक प्रकार. मी तिला आयती ओळख म्हणते. अशा मुलांना चिंता कमी असते, म्हणूनच घरच्यांना आणि त्यांना स्वतःलाही काही बिनसले आहे असे वाटत नाही. मुलाखतीत मार्सिया विचारत, की याहून चांगले काही मिळाले तर हे क्षेत्र सोडायला तुम्ही कितपत तयार व्हाल? शोध घेऊन ठरवलेला माणूस थोडा थांबतो, कदाचित सोडेन म्हणतो, पण याहून चांगले काय असेल ते सुचत नाही असेही सांगतो. आयती ओळख असलेला चटकन म्हणतो, की छे, आधीपासून हेच ठरले होते आणि घरचेही खूश आहेत. दोघेही नाहीच म्हणत असतात, पण दुसऱ्याच्या कारणांत तो स्वतः नसतो.

खुणा बदलून एक उदाहरण सांगते. दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी घरातला, तिसऱ्या पिढीतला इंजिनिअर माझ्याकडे आला होता. सूरसागराच्या काठी फिरताना होणाऱ्या बायकोने त्याला विचारले होते, ‘तुला इथेच राहायला आवडेल की पुण्याला?’ तो म्हणाला, ‘घरी विचारून सांगतो.’ ती म्हणाली, ‘मी तुला विचारतेय.’ त्यानंतर आठवडाभर त्याने तिचा फोन घेतला नाही. मुलगीच चुकीची आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते. मी त्याला नोकरीतली कोणती कामे आवडतात आणि कोणती नकोशी वाटतात, एवढेच लिहून आणायला सांगितले. पहिली यादी कोरीच आली. दोनेक महिन्यांनी त्याला उमगले, की यंत्रांची रेखाटने करण्यात त्याचा जीव रमतो आणि ज्या विक्री विभागात वडिलांनी नाव काढले, तो त्याला अजिबात सोसत नाही. इंजिनिअरिंग त्याने सोडले नाही, पण ते आता त्याचे स्वतःचे झाले. वडिलांशी एकदा खडाजंगीही झाली. पुण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने त्यानंतर दिले, आणि ते ‘नाही’ असे होते.

या मांडणीलाही मर्यादा आहेत. आयती ओळख हा आजार नव्हे. शिवाय अनेकांची, विशेषतः अनेक स्त्रियांची ओळख आणि जवळीक बरोबरीनेच घडत जाते, आधी एक आणि मग दुसरे असा क्रम प्रत्येक वेळी नसतो. आपल्याकडे लग्न आधी ठरते आणि एकमेकांचा परिचय नंतर होतो, त्यामुळे सुरुवातीचा संकोच स्वाभाविकच आहे.

म्हणून आधी एवढे पाहा, की ही घुसमट फक्त या मुलापाशी होते, की जिवलग मैत्रिणीने मत विचारले तरी होते? फक्त त्याच्यापाशी होत असेल आणि तुमच्या उत्तरावर तो रागावत, टोमणे मारत किंवा तुमचे म्हणणे खोडून काढत असेल, तर दोष तुमच्या ओळखीचा नाही आणि वरचे सगळे बाजूला ठेवून लग्नाचाच फेरविचार करा. सगळीकडेच होत असेल, तर पुढच्या फोनवर त्याला सरळ सांगा, ‘याचं उत्तर मला अजून माहीत नाही, मी शोधतेय.’ हे ऐकून तो थांबायला तयार होतो की नाही, ते तारीख पक्की करण्याआधी तुम्हाला कळायला हवे.