हिप स्टेशन: थॉमस टेस्टवर हात बसव

अरे, लूक, फील, मूव्ह हा क्रम तुला पाठ आहे. पण चालणं आणि ट्रेंडेलेनबर्ग पेशंट उभा असतानाच उरक, एकदा झोपवलं की ते राहून जातं. हात लावण्याआधी दुखतंय का विचार. बेळगावात पेशंट कन्नड बोलणारा निघू शकतो, तेव्हा "नोवु इदेया?" एवढं तरी येऊ दे.

मार्क जातात ते थॉमस टेस्टमध्ये. समज, खानापूरकडचे काका, उजवा खुबा आखडलेला. उताणे झोपल्यावर पाय सपाट दिसतो, कारण कंबरेची कमान वाढून आखडलेपण लपवते. म्हणून:

- डावा तळहात कंबरेखाली सरकव.
- चांगली, म्हणजे डावी मांडी पोटाकडे वाकव. कंबर हातावर टेकली की थांब. पुढे ढकललंस तर पेल्विस जास्त फिरून कोन खोटा वाढतो.
- उजवी मांडी उचलली जाते. बिछान्याशी तिचा कोन 20 अंश, तर फिक्स्ड फ्लेक्शन डिफॉर्मिटी 20 अंश.

तिथून काकांची मांडी 90 पर्यंत गेली, तर फ्लेक्शन "20 ते 90" सांग, "0 ते 90" नव्हे. वाकवायच्या बाजूला कृत्रिम खुबा असेल तर ही टेस्ट करू नकोस, सांधा निखळू शकतो. आधी विचारायचंच, आणि परीक्षकाला ऐकू येईल असं.