डिलिव्हरीसाठी रग्ड फोन: खरेदीच्या तपशीलपत्रकात काय लिहावे?

प्रश्न: मुंबईत आमचे बारा जण डिलिव्हरीवर असतात. त्यांच्यासाठी पाणी, धूळ व आदळआपट सोसणारे रग्ड फोन घेताना तपशीलपत्रकात नेमके काय लिहावे?

उत्तर: ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द टाळून प्रत्येक गुणापुढे त्याची चाचणी आणि तिच्या अटी लिहाव्यात, कारण या शब्दांवरून विक्रेत्याला जबाबदार धरता येत नाही. धूळ व पाण्यापासून संरक्षणाच्या आयईसी ६०५२९ या मानकात आयपी ६७ म्हणजे धूळरोधक आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारा. आयपी ६८ मध्ये खोली व वेळ उत्पादक ठरवतो, म्हणून ते आकडे लेखी मागावेत. बुडवण्याच्या चाचणीत पाण्याच्या जोरदार झोताची चाचणी येत नाही. जुलैच्या पावसात दुचाकीवर लावलेल्या फोनसाठी अशा झोताची चाचणी असलेले आयपी ६६ सुद्धा मागावे, हे बहुतेक जण विसरतात. ‘मिलिटरी ग्रेड’मागचे अमेरिकी लष्करी मानक मिल-एसटीडी-८१०एच हा चाचणीपद्धतींचा संग्रह आहे, प्रमाणपत्र नव्हे. त्यामुळे ‘पद्धत ५१६, १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडणे, याच मॉडेलचा अहवाल’ असे लिहावे. याखेरीज मागणी नोंदवण्यापूर्वी दोन नमुने मागवून, ओल्या पडद्यावर ओल्या बोटांनी ओटीपी भरता येतो का आणि पार्सलचा फोटो निघतो का, हे स्वतः तपासावे, कारण आयपी चाचणीत हे पाहिले जात नाही. मात्र हे सर्व गुण नव्या फोनचे असतात. बॅटरी बदलण्यासाठी फोन उघडल्यास सील निकामी होऊ शकते, म्हणून दुरुस्तीत नवे सील बसवण्याची अटही घालावी.