कर्जाचा हप्ता: सूत्राने काढा, शीटवर ताळा घ्या

सर, १ लाख रुपये कर्ज, १२ टक्के दर, १२ हप्ते. माझं उत्तर १६,१४३.६८ आलं, पुस्तकात ८,८८४.८८ आहे. कुठे चुकलं?

हप्ता महिन्याचा असल्याने दरही महिन्याचाच हवा. तुम्ही i = 0.12 धरलात, म्हणजे दरमहा १२ टक्के. इथे i = 0.12/12 = 0.01. P म्हणजे मुद्दल, n म्हणजे हप्त्यांची संख्या.

`EMI = P*i / (1-(1+i)^-n)`

छेद ०.११२५५०७७ येतो. १,००० ला त्याने भागलं की ८,८८४.८८. छेद दोन-तीन दशांशांवर तोडू नका. हप्ता लगेच चाळीसहून अधिक, कधी दोनशेहून अधिक रुपयांनी सरकतो.

शीटमध्ये पहिला महिना बरोबर येतो, पण दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२,११५.१२ दाखवतं. असं का?

ही पहिल्या महिन्यानंतरची शिल्लकच आहे: १,००,००० वजा ७,८८४.८८. शिल्लक जशीच्या तशी व्याजाच्या रकान्यात उतरली, म्हणजे दराच्या सेलला डॉलरचं चिन्ह लावायचं राहिलं. सूत्र खाली ओढताना `B2` चं `B3` झालं. तिथे दर नाही, महिन्यांची संख्या १२ आहे, म्हणून शिल्लक १२ ने गुणली गेली आणि १२ नेच भागली गेली. `B1` मध्ये मुद्दल, `B2` मध्ये वार्षिक दर, `B3` मध्ये महिने ठेवून असं लिहा:

```
B4  =PMT(B2/12,B3,-B1)
B7  =B1
C7  =B7*$B$2/12
D7  =$B$4-C7
E7  =B7-D7
B8  =E7
```

C व्याज, D मुद्दलफेड, E अखेरची शिल्लक. `C7`, `D7`, `E7` आठव्या ओळीत ओढा, मग आठवी ओळ अठराव्यापर्यंत. `B1` आधीचं ऋण चिन्ह काढलं तर हप्ता उणे दिसतो, तेव्हा ते राहू द्या. आता दुसऱ्या महिन्याचं व्याज ९२१.१५ यायला हवं.

शेवटची शिल्लक शून्य आली की तक्ता बरोबर समजायचा का?

नाही. दरच चुकीचा भरला असेल, तरी `PMT` आणि तक्ता दोघंही तोच दर वापरतात आणि `E18` शून्यच येतं. म्हणून ताळा वेगळ्या वाटेने घ्यावा. मी विद्यार्थ्यांना मधली एक ओळ हाताने काढायला लावतो. सहा हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज म्हणजे पुढच्या सहा हप्त्यांचं आजचं मूल्य:

`8884.88*(1-1.01^-6)/0.01`

उत्तर ५१,४९२.११, `E12` शी जुळलं पाहिजे. निम्मे हप्ते झाले तरी निम्म्याहून जास्त कर्ज उरतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो.

परीक्षेत हप्ता पूर्ण रुपयांत, ८,८८५ घ्यायला सांगितला, तर `B4` मध्ये तो आकडाच टाका. मग शेवटी उणे १.५४ उरतात. ती चूक नव्हे. शेवटचा हप्ता तेवढा कमी करून ८,८८३.४६ लिहा.